आण्णांना लाईट बिलाच्या फसव्या मेसेजबद्दल असं लिहिलंय, वाचून सांगा काय राहिलं

विश्रामबाग_ते_वाकड | शनिवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. आई-आण्णा सांगलीत विश्रामबागला असतात, मी नोकरीमुळं पुण्यात. आण्णा झेडपीतनं रिटायर झालेत, पेन्शन येते, लाईट बिल, गॅस, भाजीवाला, नातवाला खाऊचे पैसे, सगळं फोनवरनं स्वतः करतात आणि त्यांना ते मनापासून आवडतं. मध्यंतरी त्यांच्या सकाळी फिरायला जाणाऱ्यांतल्या एका काकांचे पैसे लाईट बिलाच्या खोट्या मेसेजवरनं गेले. काकांनी आठवडाभर घरात कुणाला सांगितलंच नाही, एकटे बँकेत चकरा मारत होते, हे मला पैशापेक्षा जास्त लागलं.

तेव्हापासून आमच्या फॅमिली ग्रुपवर रोज एक सूचनांची यादी पडते, लाल अक्षरात, हे करू नका ते करू नका, आणि आण्णा ती उघडतसुद्धा नाहीत. म्हणून मी बोलल्यासारखं लिहिलंय. मोठ्या अक्षरात प्रिंट काढून पुढच्या रविवारी घरी जाऊन देणार आहे. सगळे फ्रॉड घेतले नाहीत, एकच घेतलाय, कारण दहा सांगितले की एकही लक्षात राहत नाही. जाणकारांनी वाचून काही चुकत असेल तर सांगा.

---

आण्णा, आई,

त्या काकांचं ऐकल्यापासून तुमच्याशी नीट बोलायचं होतं, फोनवर घाईत होत नाही म्हणून लिहितोय. तुम्हाला कळत नाही म्हणून लिहीत नाही. आण्णा, तुम्ही आयुष्यभर कागद तपासलेत, खोटा दाखला हातात आला की तुम्हाला लगेच कळायचं. पण ही माणसं कागद दाखवतच नाहीत, नुसती घाई करतात.

मेसेज येतो की तुमचं मागच्या महिन्याचं बिल अपडेट नाही, आज रात्री साडेनऊला लाईट तोडली जाईल, लगेच वीज अधिकाऱ्यांना या नंबरवर फोन करा. खाली साधा दहा आकडी मोबाईल नंबर. येतो तो बहुतेक संध्याकाळी, म्हणजे ऑफिसात जाऊन विचारावं म्हटलं तर ऑफिस बंद झालेलं असतं. आणि आपल्या घरात आईचं नेब्युलायझर आहे, मोटर लावल्याशिवाय वरच्या टाकीत पाणी चढत नाही, लाईट नसली की काय हाल होतात ते २०१९ चा पूर बघितलेल्या सांगलीकराला कुणी सांगायला नको. त्यामुळं पोटात गोळा येतो, ते अगदी साहजिक आहे.

बिल तर आपण भरलेलंच असतं. म्हणूनच माणूस फोन लावतो, की अहो मी भरलंय. आणि समोरचा लगेच मान्य करतो. होय काका, भरलेलं दिसतंय, फक्त सिस्टिमला अपडेट झालेलं नाही, काळजी करू नका, मी करून देतो. तो पैसे मागतच नाही, उलट मदत करायलाय असं वाटतं. मग म्हणतो व्हॉट्सॲपवर एक फाईल पाठवलीय ती उघडा, आणि अपडेट करायला फक्त बारा रुपये भरा.

आण्णा, ती फाईल बिल नसते. तिच्या नावाच्या शेवटी .apk असं असतं. खरं बिल असेल तर शेवटी .pdf असतं. apk म्हणजे ॲप, ते फोनमध्ये घेणं म्हणजे अनोळखी माणसाला घराची किल्ली देऊन आपण बाजारात जाणं. फोन बिचारा तुम्हाला विचारतो, हे बाहेरचं ॲप आहे, घेऊ का? तेव्हा तो माणूस फोनवर असतोच, म्हणतो काका होय दाबा, आमचंच ॲप आहे. मग ॲप विचारतं की मेसेज वाचायची परवानगी देता का. ती दिली की तुमच्या फोनवर येणारा प्रत्येक ओटीपी त्याच्याकडं आपोआप जातो. तुम्ही तोंडानं कुणाला सांगितला नाही तरी जातो.

हे एवढ्यासाठी लिहितोय की तुम्ही मला नेहमी सांगता, मी ओटीपी कुणाला देत नाही, मला काय होणार नाही. त्या काकांनी पण कुणाला दिला नव्हता.

बारा रुपये भरायच्या पानावर कार्डाचा नंबर, तारीख, पिन सगळं विचारतात. सगळं भरलं की पेमेंट झालं नाही असं दिसतं आणि बारा रुपये जातच नाहीत. आपल्याला वाटतं बरं झालं, काहीच गेलं नाही. त्यांना बारा रुपये नकोच होते, कार्डाची माहिती पाहिजे होती.

आता लाईटचं. महावितरण कुणाचीही लाईट एका मेसेजवर त्याच रात्री तोडत नाही. थकबाकी असली तरी वीज कायद्याच्या कलम ५६ प्रमाणं पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. त्यांचे मेसेज कुणाच्या मोबाईल नंबरवरनं येत नाहीत, पाठवणाऱ्याच्या नावात MSEDCL असतं. तरीपण मनात आलंच, तर मेसेजमधल्या नंबरला फोन न करता १९१२ लावा. आपला बारा आकडी ग्राहक क्रमांक बिलावर वरच आहे, तो सांगितला की बिल भरलंय का नाही ते कळतं.

आणि चुकून काही दाबलं गेलंच, तर वरनं खाली बोट ओढा, विमानाचं चित्र दिसेल ते दाबा. मग आईच्या फोनवरनं मला फोन करा. मी मीटिंगमध्ये असलो तरी उचलीन. मी रागावणार नाही.

---

एवढं लिहिलंय. आईसाठी वेगळं लिहू का असापण विचार चाललाय, ती यूपीआय वापरत नाही पण व्हॉट्सॲपवर आलेली प्रत्येक फाईल उघडते.

---

हळदपेठ | शनिवार, रात्री १०:४०

लिहिलंय छान पण एवढं कोण वाचणार हो. आमच्या वडिलांना मी एकच वाक्य पाठ करून घेतलंय, पैसे येताना पिन लागत नाही, पिन टाकला की पैसे गेले. बास. सगळे फ्रॉड त्या कलेक्ट रिक्वेस्टवरच चालतात, कुणी म्हणतं पैसे पाठवलेत पिन टाकून घ्या, आणि आपण टाकतो. हे एक कळलं की बाकी कशाची गरज नाही.

---

मिरज_जंक्शन | शनिवार, रात्री ११:०५

मी बँकेत डिजिटलच्या तक्रारी बघते म्हणून सांगते. हळदपेठ, तुमचं वाक्य खरं आहे पण या फ्रॉडला लागू होत नाही. एक तर बॅलन्स बघायलासुद्धा पिन लागतो, मग वडील बॅलन्स बघताना घाबरतात, किंवा उलट एकदा पिन टाकून पैसे गेले नाहीत म्हणून नियमच खोटा वाटायला लागतो. दुसरं, एका व्यक्तीनं दुसऱ्या व्यक्तीला कलेक्ट रिक्वेस्ट पाठवायची सोय ऑक्टोबर २०२५ पासून बंदच झाली, आता फक्त दुकानं-कंपन्यांकडनं येते. क्यूआर कोड पाठवून "स्कॅन करा म्हणजे पैसे मिळतील" म्हणणारे अजून आहेत, तिथं तुमचं वाक्य शंभर टक्के कामाचं.

पण apk च्या केसमध्ये काका पिन टाकतच नाहीत. यूपीआय नवीन फोनवर चालू करताना बँक बघते की त्या सिमवरनं एक ठराविक मेसेज आला का. तुमच्या फोनमधल्या त्या ॲपला मेसेज पाठवायची पण परवानगी असली तर तो मेसेज तुमच्याच सिमवरनं जातो, तुम्हाला न कळता, आणि बँकेला वाटतं की ग्राहकानंच नवीन फोन घेतला. मग नवीन पिन लावायला कार्डाचे शेवटचे सहा आकडे, एक्स्पायरी आणि ओटीपी लागतो. आकडे बारा रुपयांच्या पानावर आपणच लिहून दिलेले असतात आणि ओटीपी ॲप पोचवतं. पिन त्यानं लावला, पैसे त्यानं काढले, काका त्या वेळी जेवायला बसलेले असतात.

म्हणून धागाकर्त्यानं ओटीपीचं लिहिलंय ते ठेवाच, ते फार कमी लोकांना कळतं. आणि कार्डाची माहिती भरली नाही म्हणजे सुटलो असंही वडिलांना वाटू देऊ नका, आधारच्या ओटीपीवर पण यूपीआय पिन लावता येतो.

एक दुरुस्ती. विमानाचं बटण दाबलं तरी काही फोनमध्ये वायफाय चालूच राहतं, आणि घरी वायफाय असेलच. त्यांना चित्रं शोधायला लावू नका. फोन सरळ बंद करा म्हणून लिहा.

---

विश्रामबाग_ते_वाकड | शनिवार, रात्री ११:२१

ताई खूप आभार. वायफायचं माझ्या डोक्यातच आलं नसतं, घरी आहे वायफाय. बदलतो. बंद करून आईच्या फोनवरनं फोन, असं करतो.

---

वारणेचं_पाणी | रविवार, सकाळी ६:५०

लाईट बिलाचा विषय निघालाय म्हणून विचारतो, आमचं बिल नवीन मीटर बसल्यापासून डबल यायला लागलंय, घरात माणसं तीन, एसी नाही. ऑफिसात गेलं की वापर वाढलाय म्हणतात. मीटर टेस्टिंगला कुणी दिलाय का आणि फी किती पडते?

---

विश्रामबाग_ते_वाकड | रविवार, सकाळी ७:३०

दादा हा धागा खोट्या मेसेजबद्दल आहे, मीटरचं मला सांगता येणार नाही. वेगळा धागा काढा, इथं त्यातली माहिती असलेली माणसं आहेत. फक्त एक, तक्रारीसाठी कस्टमर केअरचा नंबर नेटवर शोधून लावू नका, खोटे नंबर टाकून ठेवलेले असतात. बिलावर छापलेलाच लावा.

---

शाहूपुरीची_सून | रविवार, सकाळी ९:१५

आमच्या घरात हे झालंय म्हणून सविस्तर लिहिते, कुणाला उपयोग झाला तर बरं. साताऱ्याला असतो. सासऱ्यांना लाईट बिलाची नाही, आरटीओच्या चलनाची फाईल आली होती, नावातच चलन आणि शेवटी .apk. स्कूटर आहे, पोवई नाक्यावर सिग्नल तुटला असेल असं त्यांना वाटलं. दुपारी उघडली, काहीच दिसलं नाही, म्हणून सोडून दिली. आम्हाला सांगण्यासारखं काही झालंय असं त्यांना वाटलंच नाही, कारण पैसे गेले नव्हते.

त्याच रात्री बँकेचा मेसेज आला की तुमचं यूपीआय नवीन डिव्हाइसवर रजिस्टर झालंय. सकाळी त्यांनी वाचला आणि कंपनीचा जाहिरातीचा असेल म्हणून सोडला. सकाळीच ४,९०० गेले. तेपण त्यांनी पाहिले नाहीत. त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एकदम ९५,००० गेले, तेव्हा घरात आरडाओरडा झाला. मधला जवळजवळ दीड दिवस आमच्या हातात होता आणि आम्हाला कुणालाच पत्ता नव्हता. (मिरज_जंक्शन ताई, पहिल्या दिवशी थोडेच का गेले हे आम्हाला अजून कळलेलं नाही.)

सायबर फ्रॉडच्या हेल्पलाईनला, १९३० ला फोन लावला तो अर्ध्या तासानं लागला. त्यांनी विचारलं कोणती बँक, किती वाजता, किती रक्कम आणि व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर नंबर. तो नंबर आम्हाला सापडेना कारण घाबरून आम्ही मेसेज डिलीट केलेले. शेवटी बँकेत जाऊन स्टेटमेंटवरनं काढला. त्यात संध्याकाळची सकाळ झाली. ९५,००० मधले ३८,००० पुढच्या एका खात्यात सापडले, ते होल्ड केलेत. बाकीचे तोवर एटीएममधनं निघाले होते. होल्डचे पैसेपण लगेच मिळत नाहीत, कोर्टाचा आदेश आणायला सांगितलंय, अर्ज केलाय, तारीख पडलीय.

सासरे त्यानंतर दोन वेळा जेवले नाहीत. मिस्टर पहिल्या रात्री त्यांच्यावर ओरडले होते, "कळत नाही तर हात कशाला लावता" म्हणून. ते शब्द आता परत घेता येत नाहीत. आता ते फोन हातातच घेत नाहीत, माझ्याकडनं रिचार्ज करून घेतात.

---

मिरज_जंक्शन | रविवार, सकाळी १०:०२

ताई, वाईट वाटलं वाचून. पहिल्या दिवशी थोडे जातात कारण नवीन फोनवर यूपीआय चालू केलं की पहिल्या २४ तासांत मर्यादा कमी ठेवलेली असते, बहुतेक ठिकाणी ५,००० पर्यंत. म्हणूनच ४,९००. हा एक दिवस आपल्यासाठीच ठेवलेला आहे. धागाकर्ते, तुमच्या पत्रात हे नक्की घाला, की यूपीआय किंवा मोबाईल बँकिंग नवीन डिव्हाइसवर रजिस्टर झालं असा मेसेज आला आणि आपण नवीन फोन घेतलेला नसेल, तर पैसे गेलेले नसले तरी त्याच क्षणी बँकेला कळवायचं. बँकेला फोन केल्यावर नुसतं "कार्ड बंद करा" म्हणू नका, कार्ड, यूपीआय आणि नेट बँकिंग तिन्ही बंद करा म्हणा. माणसं कार्ड ब्लॉक करून निवांत होतात आणि यूपीआय चालूच राहतं.

आणि मेसेज डिलीट करू नका, हे ताईंच्या अनुभवातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. फोन फॉरमॅट करायचा तर करावाच लागतो, कारण हे ॲप कधी कधी आयकॉन लपवतं आणि अनइन्स्टॉल होत नाही, पण आधी दुसऱ्या फोननं मेसेजचे, त्या चॅटचे फोटो काढून ठेवा. फॉरमॅट नंतर. cybercrime.gov.in वर तक्रार भरताना ते लागतात.

---

कडेगाव_एक्सप्रेस | रविवार, सकाळी १०:३०

माझं सरळ मत, साठीच्या पुढच्या माणसाला स्मार्टफोनवर बँक देऊच नये. बटणाचा फोन द्या, पैसे पाहिजेत तर पोरगा देईल, बिल पोरगा भरेल. मी आमच्या वडिलांचं यूपीआय काढून टाकलं, विषय संपला. पत्रं लिहून कुणी सुधारत नाही.

---

तासगावचा_मास्तर | रविवार, दुपारी १२:२०

मी बहात्तर वर्षांचा आहे, म्हणजे तुम्ही ज्यांच्याबद्दल बोलताय त्यातलाच. कडेगावकर, तुमच्या वडिलांना एकदा विचारा त्यांना कसं वाटलं. बेदाण्याचे पैसे मी माझ्या हातानं घेतले आणि दिले. आता दूध आणायला शंभर रुपये मुलाकडं मागायचे म्हणजे काय होतं ते तुम्हाला आज कळणार नाही.

विश्रामबागकर, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. चांगलं आहे. पण "मी रागावणार नाही" हे काढा. हे वाचलं की पहिला विचार येतो की म्हणजे रागावण्यासारखं काही आहे तर. आम्ही सांगत नाही ते मुलाच्या रागाला भिऊन नाही. उद्यापासून माझ्या सहीला घरात किंमत राहणार नाही, ही भीती असते. साताऱ्याच्या ताईंच्या सासऱ्यांचं तेच झालं, फोन त्यांनी स्वतःच खाली ठेवला.

त्यापेक्षा वडिलांना काम द्या. असा मेसेज आला की त्याचा फोटो काढून मला पाठवा, मला इथं मित्रांना दाखवायचाय, असं म्हणा. मग ते मेसेज वाचतील, नीट वाचतील, आणि तुम्हाला आपोआप कळेल. माझा नातू माझ्याकडनं हेच करून घेतो. मला आधी वाटलं खरंच त्याला पाहिजेत, आता कळलंय, तरी पाठवतो.

---

विश्रामबाग_ते_वाकड | रविवार, दुपारी १:०५

मास्तर, नमस्कार करतो. ते वाक्य काढलं. तुमचं ऐकून शेवट असा केलाय, बघा:

"आण्णा, एक काम करा माझं. असा मेसेज किंवा फाईल आली की ती उघडू नका आणि मला पाठवूपण नका, फाईल पाठवली की माझ्याकडं पण येईल. तुमचा फोन आईच्या हातात द्या, तिच्या फोननं स्क्रीनचा फोटो काढा आणि तो पाठवा. मी इथं ऑफिसातल्या पोरांना दाखवतो, त्यांचे पण आईवडील गावाकडं आहेत. आणि बँकेचा मेसेज आला की नवीन डिव्हाइसवर रजिस्टर झालं, तर फोन बंद करा आणि आईच्या फोनवरनं पहिला फोन बँकेला, मग मला. पासबुकच्या पहिल्या पानावर मी बँकेचा नंबर आणि १९३० मोठ्या अक्षरात लिहून ठेवलाय. मेसेज पुसू नका, ते लागतात."

कडेगावकर, तुमची काळजी मला समजते, पण आण्णांकडनं मी यूपीआय काढून घेणार नाही. माझे आण्णा महिन्याच्या सुरुवातीला सगळी बिलं भरून वहीत लिहितात आणि मला फोन करून सांगतात, ते त्यांचं आहे.

---

कडेगाव_एक्सप्रेस | रविवार, दुपारी १:४०

मास्तरांचा मान राखून सांगतो, मी मुद्दाम वाईट करायला केलं नाही. आमच्या वडिलांची नजर कमी झालीय, .apk आणि .pdf मधला फरक त्यांना दिसतच नाही, ते काय करणार. पेन्शन आणि सगळ्या ठेवी त्याच बँकेत. एका झटक्यात सगळं गेलं तर? तुम्ही म्हणता अभिमान, मला झोप येत नव्हती.

---

मिरज_जंक्शन | रविवार, दुपारी ३:१५

कडेगावकरांची भीती खोटी नाही. ठेवी मोडत नाहीत म्हणून सुरक्षित असं लोक समजतात, पण नेट बँकिंग हातात आलं की ठेव ऑनलाईन मोडता येते नाहीतर ठेवीवर कर्ज काढता येतं, दोन्ही मी पाहिलंय. मधला रस्ता मी सांगते तो असा, पेन्शनच्या खात्याला यूपीआय लावायचंच नाही. दुसऱ्या बँकेत एक साधं खातं, त्यात महिन्याच्या खर्चापुरते पैसे, यूपीआय फक्त त्यालाच. गेले तर तेवढेच जातील, आणि आजोबांचं दूध-भाजी त्यांच्याच हातात राहतं. पेन्शनच्या बँकेला अर्ज देऊन नेट बँकिंग बंद करता येतं, काही बँका नुसतं बघण्यापुरतं ठेवतात. कार्डाचं ऑनलाईन वापर बंद-चालू करायची सोय सगळ्या बँकांना द्यावीच लागते, तेपण बंद ठेवा.

नजरेचं म्हणाल तर फरक दिसायची गरजच पडू नये असं करता येतं. घरी गेलात की फोनच्या सेटिंगमध्ये वरच्या शोधायच्या चौकटीत unknown टाका, बाहेरची ॲप घ्यायची यादी येईल, त्यात व्हॉट्सॲप आणि क्रोमच्या समोरचं बटण बंद आहे का बघा. कंपनीप्रमाणं जागा बदलते म्हणून शोधूनच जा. आणि प्ले स्टोअरमध्ये Play Protect चालू आहे का. हे चोर फोनवर सांगून पहिलं तेच बंद करायला लावतात, त्यामुळं ते बंद दिसलं तर आधीच कुणीतरी काहीतरी करून गेलंय असं समजून सगळी ॲप तपासा.

---

शाहूपुरीची_सून | रविवार, दुपारी ४:००

ताई एक विचारू का. बँक म्हणते तुम्हीच फाईल उघडली, तुमचा निष्काळजीपणा, आम्ही काही देणं लागत नाही. सासऱ्यांनी ओटीपी कुणालाच सांगितला नाही, कार्डाचं पान पण भरलं नव्हतं. हे बरोबर आहे का?

---

मिरज_जंक्शन | रविवार, दुपारी ४:३५

रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात असं आहे की चूक ग्राहकाची नाही आणि बँकेची पण नाही, मधेच कुठंतरी भोक पडलं, आणि ग्राहकानं तीन कामाच्या दिवसांत कळवलं, तर ग्राहकावर काही येत नाही. ग्राहकानं माहिती स्वतः दिली असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. फाईल उघडणं हे "माहिती दिली" मध्ये बसतं का, यावर बँका होय म्हणतात आणि ग्राहक नाही म्हणतात. मी बँकेतली असून सांगते, मला स्वतःला ते इतकं सरळ वाटत नाही, कारण त्यांनी काही सांगितलं नव्हतं. ग्राहकाची चूक होती हे सिद्ध करायची जबाबदारी त्या परिपत्रकाप्रमाणं बँकेवर आहे. लेखी तक्रार द्या, पोच घ्या, नवीन डिव्हाइस रजिस्टर कसं झालं त्याचा तपशील मागा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर cms.rbi.org.in वर लोकपालाकडं जा. निकाल काय लागेल ते मी छातीठोक सांगू शकत नाही.

---

शाहूपुरीची_सून | रविवार, दुपारी ४:५०

तीन दिवसांच्या आत दिली होती तक्रार, पोच आहे. उद्याच डिव्हाइसचा तपशील मागते. लोकपालाचं काय झालं ते इथंच लिहीन.

---

हळदपेठ | रविवार, संध्याकाळी ६:१०

वडिलांच्या फोनमध्ये आत्ता बघितलं, व्हॉट्सॲपच्या समोरचं ते बटण चालू होतं. का चालू आहे ते त्यांना पण माहीत नाही. बंद केलंय. ॲपच्या यादीत एक नाव नसलेलं ॲप दिसतंय, मेसेजची परवानगी दिलेली. काय करू?

---

मिरज_जंक्शन | रविवार, संध्याकाळी ६:१४

फोन आत्ता बंद करा. दुसऱ्या फोनवरनं बँकेला फोन, तिन्ही बंद. मग १९३० ला कळवा. पैसे गेले नसले तरी. बाकी नंतर.

---

हळदपेठ | रविवार, संध्याकाळी ७:२५

केलं. बँकेनं सांगितलं नवीन डिव्हाइस रजिस्टर झालेलं नाही, पैसे पण जागेवर आहेत. फोन उद्या फॉरमॅट करतो. वडील म्हणतात दिवाळीत लग्नपत्रिका आली होती व्हॉट्सॲपवर, उघडली पण पत्रिका दिसली नाही. ताई, लई उपकार झाले.

---

तासगावचा_मास्तर | रविवार, रात्री ८:००

विश्रामबागकर, तुमचं पत्र आमच्या गणपती मंदिराजवळ संध्याकाळी बसणाऱ्या मंडळींना वाचून दाखवू का? सगळे पेन्शनर आहेत. तुमचं नाव सांगणार नाही.

---

विश्रामबाग_ते_वाकड | रविवार, रात्री ८:२०

जरूर वाचा मास्तर. फक्त त्या काकांचा उल्लेख गाळा, तासगाव-सांगली लांब नाही, कुणीतरी ओळखेल. त्या जागी लग्नपत्रिकेचं सांगा, हळदपेठची हरकत नसेल तर. आणि ग्राहक क्रमांक बिलावर नेमका कुठं छापलाय ते दाखवायला एखादं जुनं बिल बरोबर न्या.

---

हळदपेठ | रविवार, रात्री ८:२६

माझी काही हरकत नाही, सांगा.